अर्धा इंची निपल, दोन देशांचे आटे : शिरोलीतल्या हवेच्या लाइनच्या नोंदी

३ फेब्रुवारी

मशीन आलं. अमेरिकन बनावटीचं जुनं सीएनसी, दुसऱ्या हाताचं. क्रेनवाला गेला तेव्हा संध्याकाळचे साडेसहा झाले होते. लेव्हलिंग आणि वायरिंगचं काम दुसऱ्यांकडे आहे. माझ्याकडे आणि दिनकरमामांकडे हवेची लाइन. शेडमध्ये कॉम्प्रेसरची हवा साठवणारा पाचशे लिटरचा रिसीव्हर आहे, तिथून एक इंची जीआय पाइपची मुख्य लाइन जाते. तिच्यावरून अर्धा इंची फाटा खाली उतरवायचा, बॉल व्हॉल्व्ह लावायचा, मग फिल्टर-रेग्युलेटर आणि तिथून मशीनच्या तोंडात. मशीनला सहा-सात बार हवा लागते. मामांच्या हिशोबाने दीड दिवसाचं काम.

मशीनसोबत एक लाकडी खोकं आलंय. जुन्या मालकाने उतरवलेले एल्बो, निपल, प्लग, थोडी नळी असं त्यात आहे. संकेतने (आमचा आयटीआयचा अप्रेंटिस) ते सगळं आमच्या फिटिंगच्या डब्यात ओतलं. त्या वेळी मीही काही बोललो नाही. ही नोंद पुढे उपयोगी पडणार आहे.

६ फेब्रुवारी

फाटा उतरवला. मशीनच्या मागच्या बाजूला हवेचं तोंड आहे, आतून आटे, अर्धा इंची. गावातून आणलेला निपल, म्हणजे बाहेरून आटे असलेला आखूड पाइप, मामांनी टेप गुंडाळून हाताने फिरवला. साडेतीन-चार फेरे अगदी गोड गेला. मग पाइप पान्याने दीड-दोन फेरे.

"बसतंय की साहेब, मापातच हाय."

सात बार चढवले. फुस्सही नाही. मशीनची हवेची लाल बत्ती गेली आणि आम्ही चहाला गेलो.

७ फेब्रुवारी

रात्रपाळीच्या वॉचमनची तक्रार: मशीन बंद असतानाही कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होतोय. मग जेवणाच्या सुट्टीत गळती मोजली. पद्धत सोपी आहे. रिसीव्हर सात बारला भरायचा, कॉम्प्रेसर बंद करायचा, हवा कोणी वापरायची नाही आणि काटा किती वेळात किती उतरतो ते बघायचं.

मशीनचा बॉल व्हॉल्व्ह बंद ठेवून: वीस मिनिटांत ७ वरून ६.८. म्हणजे ५०० लिटर गुणिले ०.२, भागिले २० : मिनिटाला पाच लिटर मोकळी हवा. जुन्या लाइनचं हे दुखणं ठाऊकच आहे.

व्हॉल्व्ह उघडून, मशीन बंदच ठेवून: वीस मिनिटांत ७ वरून ६. म्हणजे मिनिटाला पंचवीस लिटर.

फरक वीस लिटरचा. लाइनमध्ये साठलेली हवा या हिशोबात धरलेली नाही, पण तुलनेसाठी एवढं पुरे. मशीनच्या पोटातही थोडी गळती असेल असं वाटलं होतं, पण साबणाचं पाणी सोडल्यावर शंका उरली नाही. निपल मशीनमध्ये जिथे शिरतो तिथेच बारीक फेस, एका ठिकाणी नाही तर कडेने फिरत फिरत.

८ फेब्रुवारी

मामांनी निपल काढला, टेपचे दहा-बारा वेढे दिले, परत आवळला. फेस बंद. मला तेव्हाच खटकलं होतं. आपल्या लाइनवर मामा तीन वेढ्यांत काम भागवतात, इथेच बारा का लागावेत? पण फेस बंद झाल्यावर प्रश्न विचारायला वेळ कोणाला असतो.

१० फेब्रुवारी

मशीन दोन दिवस चाललं. टेबल झटक्याने पुढे-मागे जातं तेव्हा मागची नळी थरथरते. आज फेस परत.

निपल काढून कापडाने पुसला. टेपच्या चिंध्या झाल्या होत्या. आट्यांच्या बाजूंवर घासल्याची खूण जवळजवळ नाही, मात्र खाचेच्या तळाशी एक बारीक चकाकणारी रेघ, आट्याबरोबर गोल फिरत गेलेली. नीट बसलेला निपल काढला की आट्याच्या दोन्ही उतारांवर रुंद पट्टा घासलेला दिसतो. इथे दोन्ही तुकडे एकमेकांना रेघेपुरते टेकले होते. मामा म्हणाले, मशीनचे आटे झिजले असतील. मलाही तेच वाटलं.

११ फेब्रुवारी

उलगडा दुसरीकडूनच झाला. हवेचं तोंड ज्या मॅनिफोल्डवर आहे त्याच्यावरच दोन सुती, म्हणजे पाव इंची, एक मोकळं तोंड आहे, प्लग लावून बंद केलेलं. तिथे प्रेशर गेज लावायचं ठरलं. गेज गावातलंच. ते दोन-अडीच फेऱ्यांत असं अडकलं की पुढे जाईना. उलटं फिरवून परत घातलं, पुन्हा तिथेच.

"आटे खराब हायत. टॅप फिरवू का?" मामांनी टॅपचा डबा उघडलाही होता.

मी थांबा म्हणालो, कारण काढलेला प्लग अगदी नव्यासारखा होता. त्या प्लगवर आटे ओळखायच्या पिच गेजची दातेरी पानं लावून बघितली. आमच्याकडे पंचावन्न अंशांचा, व्हिटवर्थचा संच आहे. इथे पाइपच्या आट्यांना तोच लागतो. पाव इंचीला इंचात एकोणीस आटे असतात, म्हणून एकोणीसचं पान लावलं. पहिले तीन दात बसल्यासारखे वाटले, मग पान उचललं गेलं. शेजारच्या टूलरूममधून साठ अंशांचा संच मागून आणला. त्यातलं अठराचं पान प्लगवर असं बसलं की ट्यूबलाइटसमोर धरूनही उजेड आला नाही.

म्हणजे मशीनचे आटे एनपीटी, अमेरिकन. आमचं गेज बीएसपी, ब्रिटिश. पाव इंचीला बीएसपीचा एक आटा १.३३७ मिलिमीटरचा आणि एनपीटीचा १.४११ चा. दर फेऱ्याला पाऊण दशांश मिलिमीटरची चूक साठत जाते. तीन फेऱ्यांत ती ०.२२ होते आणि पोलाद पोलादाला अडकतं. टॅप फिरवला असता तर धड असलेल्या तोंडाचे आटे आम्हीच कापले असते.

मग सगळ्यांचं लक्ष एकदम अर्धा इंची तोंडाकडे गेलं. तेही एनपीटीच असणार. मग आमचा निपल तिथे इतका गोड कसा गेला?

१२ फेब्रुवारी

उत्तर तक्त्यात आहे, आणि थोडं चकित करणारं आहे. अर्ध्या आणि पाऊण इंचीला दोन्ही पद्धतींत इंचाला चौदाच आटे. पाव आणि तीन अष्टमांशला एकोणीस विरुद्ध अठरा, एक ते दोन इंचीला अकरा विरुद्ध साडेअकरा. मधल्या या दोनच मापांत पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, एकच, १.८१४ मिलिमीटर. निमुळतेपणाही दोन्हीकडे एकच: सोळा मिलिमीटर लांबीला व्यासात एक मिलिमीटर. आणि ज्या ठिकाणी माप धरतात तिथला आट्यांच्या मध्यावरचा व्यास बीएसपीचा १९.७९३ आणि एनपीटीचा १९.७७ च्या आसपास. फरक दोन शतांश मिलिमीटर. हाताला तो कळणं शक्यच नाही. मामांचा हात चुकला नव्हता, मापंच तशी आहेत.

फरक आहे तो दाताच्या आकारात. बीएसपीचा आटा व्हिटवर्थचा: दोन उतारांमधला कोन पंचावन्न अंश, माथा आणि तळ गोलसर. एनपीटीचा कोन साठ अंश, माथा आणि तळ चपटे छाटलेले. शिवाय एनपीटीचा दात उंच असतो. चौदा आट्यांच्या पिचला बीएसपीच्या दाताची उंची सुमारे १.१६ मिलिमीटर, एनपीटीची जास्तीत जास्त १.४५.

संकेतला हे दाखवायला पुठ्ठ्याचे दोन मोठे दात कापले, दहापट मापाचे. गोल माथ्याचा दात चपट्या खाचेत ठेवला की दोन गोष्टी दिसतात. एक, मशीनच्या आतला उंच दात आमच्या निपलच्या खाचेचा तळ आधीच गाठतो. परवा दिसलेली चकाकणारी रेघ हीच. दोन, आमच्या निपलचा माथा मात्र समोरच्या खाचेच्या तळापर्यंत पोचतच नाही. कागदावरच्या मापांप्रमाणे तिथे जास्तीत जास्त ०.१३ मिलिमीटरची फट राहते. ही फट एका जागी नसते. ती आट्याबरोबर गोल फिरत आतून थेट बाहेर येते, एखाद्या गोल जिन्यासारखी. हवा त्या जिन्याने चढून बाहेर येत होती.

उतारांचंही तेच. दोन्ही बाजूंचा अडीच-अडीच अंशांचा फरक, त्यामुळे दाताचा एक उतार दुसऱ्यावर पूर्ण टेकत नाही. एका टोकाला टेकला की दुसऱ्या टोकाला सहा-सात शतांश मिलिमीटरची पाचर उघडी राहते.

"मग टेप कशाला असती?" संकेतने विचारलं. प्रश्न बरोबर आहे, कारण योग्य जोडीलाही टेप लागतेच. बीएसपीच्या निमुळत्या जोडीतही माथ्याशी-तळाशी बारीक फट उरते, एनपीटीतही उरते. पण तिथे निमुळतेपणामुळे उतार उताराला घट्ट दाबला जातो, हवा अडवण्याचं मुख्य काम धातू करतो. टेप उरलेली फट भरते आणि फिरवताना वंगणासारखी चालते. आमच्या जोडीत सगळा भार टेपवर आला होता. बारा वेढ्यांची गादी दोन दिवस टिकली, मग थरथरीने कातरली गेली.

हवा होती म्हणून फेसावर भागलं. सात बारला या तोंडावर जोर जेमतेम पंचवीस किलोचा येतो. मामांचे भाऊ जिथे काम करतात तिथे हायड्रॉलिकचे प्रेस आहेत, दोनशे बारचे. त्याच अर्धा इंची तोंडावर तिथे सातशे किलो येतात. धातूची पकड रेघेपुरतीच असेल तर तिथे गरम तेलाची धार उडणार, किंवा निपलच सुटून येणार.

१३ फेब्रुवारी

आज मशीन बंद, लेव्हलिंगवाले आले होते. म्हणून थोडा फावला वेळ.

दोन पद्धती मुळात का, हे मामांना सांगत होतो. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये पंचावन्न अंशांचा आटा सुचवला. पुढे ब्रिटिश पाइपचे आटे त्याच घाटाचे झाले. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये साठ अंशांचा, चपट्या माथ्याचा आटा मांडला. गोल माथ्यापेक्षा चपटा माथा कापायला सोपा, हे त्याच्या बाजूचं एक कारण. तिथल्याच रॉबर्ट ब्रिग्जने पाइपच्या आट्यांची मापं बसवली, तीच आजच्या एनपीटीचं मूळ. इंग्रजांमुळे आपल्याकडे बीएसपी आलं, आणि आज आयएस ५५४ या भारतीय मानकात दाब धरणाऱ्या पाइपचे आटे त्याच घाटाचे आहेत. म्हणून गावातला जीआय पाइप, सॉकेट, नळाची तोटी, सगळं बीएसपी. एनपीटी आपल्याकडे येतं ते बहुतेक मशीनच्या, उपकरणाच्या पोटातून.

मामांचा शेरा: "दोघंबी अर्धा इंची म्हणत्यात, आन् अर्धा इंच कुठंच न्हाई." खरंच आहे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणि या आट्यांचा बाहेरचा व्यास एकवीसच्या आसपास. ते नाव जुन्या पाइपच्या पोकळीवरून पडलेलं.

संकेतने व्हर्नियर लावून ओळखायचा प्रयत्न केला: बीएसपी २०.९५, एनपीटीच्या पाइपचा बाहेरचा व्यास २१.३४. पण त्याची प्रत्येक वेळची मापं वेगळी येत होती. निमुळत्या आट्यावर व्हर्नियर पाच मिलिमीटर पुढे-मागे झाला की माप ०.३१ ने बदलतं. जो फरक शोधायचा तो जवळजवळ तेवढाच. म्हणून अर्ध्या इंचीला व्यासावर भरवसा नको आणि नुसते आटे मोजूनही उपयोग नाही. चौदाची दोन पानं घ्यायची, एक पंचावन्नचं, एक साठचं, आणि उजेडासमोर धरायची. चुकीचं पान दाताच्या कुशीत उजेडाची चिरी दाखवतं. पान नसेल तर भिंगातून माथा बघावा: गोल की चपटा. जुन्या, घासलेल्या फिटिंगवर मात्र माथा फसवतो.

१५ फेब्रुवारी

गावातल्या दोन दुकानांत एनपीटी ते बीएसपी अडॅप्टर मागितला. एकाने बीएसपीचाच निपल पुढे केला, "अर्धा इंची म्हणजे अर्धा इंची." लेथवर करता आला असता, पण बाहेरचे निमुळते आटे मापात आलेत का हे बघायला रिंग गेज आमच्याकडे नाही. अर्ध्या खात्रीचा तुकडा नको म्हणून पुण्याहून तयार पोलादी अडॅप्टर मागवला. मशीनच्या बाजूला बाहेरून एनपीटी, लाइनच्या बाजूला आतून बीएसपी निमुळते. पाव इंचीचाही एक, गेजसाठी.

१६ फेब्रुवारी

तीन तारखेच्या त्या खोक्याने आज हिशोब चुकता केला. दुसऱ्या फाट्यावर नवा फिल्टर-रेग्युलेटर लावायचा होता. त्याची बॉडी अॅल्युमिनियमची, तोंडावर ‘जी १/२’ कोरलेलं. संकेतने फिटिंगच्या डब्यातून दिसला तो अर्धा इंची निपल घेतला आणि आवळला. जरा जास्त आवळला. ‘कट्’ असा आवाज आला आणि तोंडापासून बॉडीवर केसासारखी चीर गेली.

निपल बघितला: चपटा माथा, अमेरिकन. पण इथे दोष दुहेरी होता. जी म्हणजे बीएसपीचा सरळ आटा, निमुळता नाही. तिथे धातू दाबून सील करायचंच नसतं. तोंडाच्या सपाट भागावर रबर असलेला वॉशर बसवायचा आणि त्यावर फिटिंगचा खांदा टेकवायचा. सरळ भोकात निमुळता निपल म्हणजे लाकडात पाचर. त्यात तो उंच दाताचा, म्हणून त्याचा माथा खाचेच्या तळावर आधीच टेकला. पोलादी सॉकेटने हे सहन केलं असतं, अॅल्युमिनियमने नाही केलं.

संकेतचा चेहरा पडला होता. पण डबा एक करताना मी समोरच उभा होतो, तेव्हा पैसे माझ्या खात्यात.

संध्याकाळी डबा उपडा केला. प्रत्येक तुकड्याला पान लावलं. खोक्यातले सगळे एनपीटी निघाले, फक्त एक एल्बो बीएसपी, तो आमचाच मिसळलेला. एनपीटीच्या तुकड्यांना लाल रंगाचा पट्टा मारला आणि डबा वेगळा केला. दोन तुकड्यांचे आटे इतके घासले होते की पान काहीच सांगेना. ते भंगारात टाकले.

१८ फेब्रुवारी

अडॅप्टर आले. लावण्याआधी दोन्ही टोकांना पान लावलं, आतल्या आट्यांसाठी माहितीतला बीएसपी निपल हाताने फिरवून बघितला. पाकिटावरचं नाव बरोबर आहे.

मशीनचं तोंड तारेच्या ब्रशने साफ केलं, जुन्या टेपचे तुकडे चिमट्याने काढले. ते आत गेले असते तर व्हॉल्व्हमध्ये अडकले असते. भिंग लावून आतले दात बघितले. बीएसपी निपल दोनदा आवळला होता, त्यामुळे माथ्यावर थोडी चमक आहे, पण दात वाकलेले नाहीत. टेप तीन वेढे, घड्याळाच्या दिशेने, पुढचा एक आटा मोकळा सोडून. हाताने चार फेरे, पान्याने जेमतेम दोन. मामा म्हणाले, या वेळी पान्याला हळूहळू वाढत जाणारा जोर लागला. परवा आधी मोकळा आणि मग एकदम दगड लागल्यासारखा झाला होता. हा फरक आता त्यांच्या मनगटात राहील.

चाचणी: व्हॉल्व्ह उघडा, मशीन बंद, सात बार. वीस मिनिटांत ६.८. व्हॉल्व्ह बंद ठेवून जेवढं होतं तेवढंच. साबणाच्या पाण्यात एक बुडबुडा नाही.

पाव इंची गेजही अडॅप्टरवर बसलं. काटा रिसीव्हरच्या काट्याशी जुळतो.

२५ फेब्रुवारी

आठवडाभर दोन पाळ्या चालल्यावर परत साबण लावला. कोरडं. रात्री कॉम्प्रेसर अधूनमधून चालू होतो तो जुन्या लाइनच्या पाच लिटरमुळे, ते काम वेगळं.

मशीनवर हवेच्या तोंडाशी मामांनी लाल ऑइल पेंटने मोठं ‘एनपीटी’ लिहिलंय. खाली बारीक अक्षरात, स्वतःच्या मनाने, ‘गावातला निपल लावू नये’.

उद्या कूलंटच्या टाकीची एक इंची जोडणी. अकराचं आणि साडेअकराचं, दोन्ही पानं संकेतच्या खिशात आहेत. शेजारच्या टूलरूमचा संच अजून परत द्यायचा राहिलाय.